‘प्लेग’ टाकलं तर दोनच पुस्तकं येतात

*मॅडम, मी साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात टीवायबीएला आहे, विषय इतिहास. पहिल्यांदाच संशोधन निबंध लिहायचाय. ‘पुण्यातला प्लेग’ हा विषय सरांनी मान्य केला, पण किमान आठ विश्वासार्ह संदर्भ हवेत आणि विकिपीडिया, यूट्यूब चालणार नाही, अशी अट घातली. आमच्या ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर ‘प्लेग’ टाकलं तर दोन पुस्तकं आली, त्यातली एक कादंबरी. जेस्टोरवर ‘plague’ टाकलं तर हजारो लेख आले, युरोपातले, उंदरांवरचे, कशाकशावरचे. हातात एक महिना आहे. सुरुवात कुठून करू? आणि सापडलेलं विश्वासार्ह आहे हे ओळखायचं कसं?*
*— एक विद्यार्थिनी*

तुला एकीकडे दोन आणि दुसरीकडे हजारो मिळाले, त्याचं कारण एकच आहे, ते आधी सांगते. मग पुढचं सोपं जाईल.

ग्रंथालयाच्या तालिकेला, म्हणजे तुमच्या त्या कॉम्प्युटरवरच्या ‘ओपॅक’ला, पुस्तकाच्या आतलं काहीही दिसत नाही. तिच्याकडे प्रत्येक पुस्तकाची आठ-दहा ओळींची नोंद असते. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, वर्गांक आणि माझ्यासारख्या कुणा ग्रंथालयवाल्याने दिलेले दोन-तीन विषय. तुझा शब्द त्या ओळींत असेल तरच पुस्तक समोर येतं. जेस्टोर हा शोधनियतकालिकांतल्या लेखांचा ऑनलाइन साठा, त्याचं उलट आहे. तिथं लेखाच्या पानापानावरचा प्रत्येक शब्द शोधला जातो. कुणी लंडनच्या नाटकघरांवर लिहिताना एका वाक्यात प्लेगचा उल्लेख केला असेल, तरी तो लेख तुझ्या यादीत येऊन बसतो. म्हणून तालिकेत शब्द सैल करायचा आणि जेस्टोरवर तो आवळायचा. बहुतेक मुलं दोन्हीकडे एकच शब्द टाकतात आणि ‘आमच्या लायब्ररीत काही नाही’ म्हणून गूगलवर परत जातात.

पण त्याही आधी, ‘पुण्यातला प्लेग’ हा अजून प्रश्न झालेला नाही, नुसतं शीर्षक झालंय. प्रश्न ठरल्याशिवाय कुठला संदर्भ कामाचा हे तुला कळणार नाही. मराठी विश्वकोशातल्या नोंदीसारखं काहीतरी घेऊन अर्धा तास बस. ते निबंधात उद्धृत करण्यासाठी नव्हे, नावं आणि तारखा हाताशी याव्यात म्हणून. घटनाक्रम थोडक्यात असा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि साथ पुण्यात पोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली, गोऱ्या सोल्जरांकरवी घरझडत्या झाल्या, माणसं छावण्यांत हलवली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. एवढं वाचलंस की प्रश्न आपोआप बारीक होतो. उदाहरणार्थ, ‘१८९७ च्या घरझडत्यांना पुण्यातल्या लोकांनी विरोध कशासाठी केला?’ हा एका महिन्यात पेलणारा प्रश्न आहे. पुढचं सगळं मी हाच प्रश्न धरून सांगते. तुझा वेगळा असेल तर शब्द बदल, रीत तीच.

आता वहीत एक पान शब्दांसाठी ठेव. जुन्या काळावर शोधताना आजचे शब्द चालत नाहीत. इंग्रजीत जे लिहिलं गेलंय त्यात ‘Pune’ फार उशिरा येतं, बहुतेक ठिकाणी ‘Poona’ आहे. महाराष्ट्र नाही, ‘Bombay Presidency’ आहे. मराठीत प्लेगला ‘गाठीचा ताप’ आणि ‘ग्रंथिक सन्निपात’ असंही म्हणत. चापेकरांचं आडनाव चापेकर आणि चाफेकर असं दोन्ही तऱ्हांनी छापलं गेलंय, इंग्रजीतही Chapekar आणि Chaphekar. ‘रँड’ तर ‘रॅंड’, ‘रॅण्ड’ अशा तीन रूपांत मी एकाच ग्रंथालयात पाहिलाय. आपल्याला तिन्ही सारखीच वाटतात, कॉम्प्युटरला तीन वेगळी माणसं दिसतात. आणखी एक गंमत. मराठी पुस्तकं ‘रँडचा वध’ लिहितात, इंग्रजी अहवाल ‘murder’. तू ‘खून’ टाकलंस तर मराठीतलं अर्धं साहित्य हाती लागणार नाही. आणि कोण ‘वध’ लिहितंय, कोण ‘खून’, यावरून लिहिणारा कुठे उभा आहे हेही कळतं. ते निबंधात उपयोगी पडेल.

मग तालिकेकडे जा. शोधाच्या चौकटीशेजारी शीर्षक, लेखक, विषय असे पर्याय असतात. तू बहुधा शीर्षकात शोधलंस. ‘विषय’ निवड आणि तिथं आधी `plague`, मग `epidemics`, मग `public health` आणि `medicine India history` असं एकेक करून बघ. हे का, ते एका पुस्तकावरून सांगते. या विषयावर ज्याला वळसा घालून जाता येत नाही असं एक पुस्तक म्हणजे डेव्हिड अरनॉल्ड यांचं ‘कॉलोनायझिंग द बॉडी’, १९९३ चं. एकोणिसाव्या शतकातलं सरकारी वैद्यक आणि साथी हा त्याचा विषय, आणि त्यात प्लेगवर एक अख्खं प्रकरण आहे. पण शीर्षकात आणि उपशीर्षकातही ‘प्लेग’ नाही, ‘पुणे’ नाही. ‘प्लेग’ टाकून ते आयुष्यात सापडलं नसतं. कादंबरी मात्र सापडली, कारण तिच्या नावातच तो शब्द होता.

एक बरं पुस्तक सापडलं की त्याची पूर्ण नोंद उघड आणि खाली दिलेले विषय बघ. ते बहुतेक तालिकांत निळ्या अक्षरांत असतात. त्यावर क्लिक केलं की तोच विषय दिलेली बाकी पुस्तकं येतात. हे तुझ्या मनातल्या शब्दापेक्षा बरं, कारण तो नोंद करणाऱ्याने वापरलेलाच शब्द असतो. मराठी पुस्तकांच्या नोंदींचं मात्र काही सांगता येत नाही. काही देवनागरीत आहेत, काही रोमनमध्ये, आणि जुन्या फॉन्टमधून आलेल्या काही तर अक्षरशः किडामुंगी झालेल्या आहेत. तो दोष आम्हा ग्रंथालयवाल्यांचा. म्हणून मराठी पुस्तकासाठी लेखकाच्या आडनावानेही शोध आणि देवनागरी, रोमन दोन्हींत एकदा टाकून बघ.

वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाची जागा सांगणारा आकडा, लिहून घेतलास की फळीपर्यंत जा. तुमच्याकडे मुक्तद्वार पद्धत असेल तर उत्तम, नसेल तर आत जायची परवानगी मागून घे, टीवायच्या मुलीला कुणी नाही म्हणत नाही. ड्यूई पद्धतीचं ग्रंथालय असेल तर तुझा विषय दोन ठिकाणी विभागलेला असणार. साथीचा रोग म्हणून काही पुस्तकं ६१४ ला, सार्वजनिक आरोग्यात, आणि भारताचा इतिहास म्हणून काही ९५४ ला. मध्ये अख्खी दोन-तीन कपाटं. इतिहासाची मुलं ९५४ सोडून हलत नाहीत, आणि प्लेगचं पुस्तक तिकडे नर्सिंगच्या पुस्तकांशेजारी धूळ खात असतं. फळीवर उभं राहून पुस्तकाच्या मागची सूची उघडायची आणि ‘Plague’ किंवा ‘Poona’ समोर किती पानांचे आकडे आहेत ते बघायचं. दोन आकडे असतील तर पुस्तक परत ठेव. वीस पानांची सलग रांग असेल तर घरी ने.

तालिकेला आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे संपादित ग्रंथांतली प्रकरणं. राजनारायण चंदावरकरांचा प्लेगच्या घबराटीवरचा महत्त्वाचा निबंध रेंजर आणि स्लॅक यांनी संपादित केलेल्या ‘एपिडेमिक्स अँड आयडियाज’ (१९९२) या ग्रंथात आहे. इयन कॅटनॅक यांचा निबंध अरनॉल्डनीच संपादित केलेल्या ‘इम्पीरियल मेडिसिन अँड इंडिजिनस सोसायटीज’मध्ये (१९८८) आहे. तालिकेत ‘Chandavarkar’ टाकलंस तर त्यांची स्वतःची पुस्तकं येतील, हा निबंध बहुधा नाही. ग्रंथाच्या नावाने किंवा संपादकाच्या नावाने शोधलंस तरच येईल. पण असा निबंध आहे हे आधी कळणार कसं? इथे जेस्टोर लागतं.

जेस्टोरवर शब्द आवळायचे ते असे:

```
plague AND (Poona OR Pune) AND (search OR segregation)
```

AND आणि OR मोठ्या अक्षरांतच हवेत. कंसातले शब्द पर्यायी, म्हणजे Poona असो वा Pune, दोन्ही चालतील. तरीही यादी लांब येईल, कारण एका पानावर प्लेग आणि तीस पानांनंतर पुणे असलं तरी लेख पकडला जातो. तेव्हा दोन शब्द जवळजवळ असले पाहिजेत असं सांगायचं:

```
"plague poona"~25
```

याचा अर्थ, हे दोन शब्द एकमेकांपासून पंचवीस शब्दांच्या आत असावेत. यादी एकदम आटोपशीर होते. शीर्षकातच शब्द हवा असेल तर `ti:plague` लिहून त्यापुढे `AND India` जोड. शब्दाचा शेवट मोकळा सोडायला काही जण तारांकन वापरतात. तेही चालतं, पण `plag*` लिहू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं आणि त्याला वाङ्मयचौर्यावरचे शेकडो लेख मिळाले, plagiarism वरचे. तो म्हणाला, मॅडम, हे मला उद्देशून आहे का?

डावीकडे वर्षांची गाळणी असते, तिथे हमखास घोटाळा होतो. मुलं १८९६ ते १९०० भरतात, कारण घटना तेव्हाची. पण ते लेख छापल्याचं वर्ष आहे. आजच्या इतिहासकारांचं लेखन हवं असेल तर १९७० पासून पुढे ठेव. १८९६ ते १९०० ठेवलंस तर दुसरंच घबाड मिळतं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’सारख्या नियतकालिकांत त्या वेळचे डॉक्टर मुंबई इलाख्यातल्या प्लेगबद्दल काय लिहीत होते ते समोर येतं. ते इतिहासकाराचं विवेचन नव्हे, त्या काळातलं अस्सल साधन. दोन्ही हवंय, पण दोन्हींचं काम वेगळं. यादीत आणखी एक प्रकार दिसेल, एक-दोन पानांची ग्रंथपरीक्षणं. ती संदर्भात धरू नकोस, पण वगळूही नकोस. अरनॉल्डच्या पुस्तकाचं एखाद्या नियतकालिकातलं परीक्षण वाचलंस तर त्या पुस्तकाची बाजू कुठे लंगडी आहे हे दहा मिनिटांत कळेल. ते स्वतःच्या बुद्धीने शोधायला तुला चार वर्षं लागली असती.

आता साखळी कशी लागते ते बघ. वरच्या शोधांतून तुला ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मधला आयरा क्लाइन यांचा १९८८ चा लेख मिळेल. प्लेग, सरकारी धोरण आणि लोकांचा असंतोष हाच त्याचा विषय. तो सलग वाचू नकोस. आधी पहिली दोन पानं आणि शेवटचं पान वाच, मग तळटिपा वाच. प्लेग किंवा मुंबई इलाख्याचं नाव असलेली प्रत्येक तळटीप वहीत उतर. त्यात सरकारी अहवाल भेटतील, आधीच्या अभ्यासकांची नावं भेटतील. तेच अरनॉल्डच्या पुस्तकाचं कर. त्याच्या टिपांत देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक गोषवाऱ्यांचे हवाले आहेत. मराठी पत्रं काय लिहितात हे गोऱ्या साहेबाला कळावं म्हणून सरकार ते भाषांतर करवून घेई. ही नावं घेऊन परत तालिकेकडे ये. या वेळी तू ‘प्लेग’ शोधत नसतेस, अमुक पुस्तक शोधत असतेस, आणि त्याचं उत्तर तालिका चोख देते. आहे किंवा नाही.

पण तळटीप फक्त मागे नेते. १९८८ च्या लेखात १९९२ चा चंदावरकरांचा निबंध असूच शकत नाही. पुढे जायला गूगल स्कॉलर वापर. तिथे क्लाइन यांच्या लेखाचं शीर्षक टाक आणि त्याखालच्या ‘Cited by’वर क्लिक कर. नंतर ज्यांनी ज्यांनी त्या लेखाचा आधार घेतला, त्यांची यादी येते. मग त्या यादीतच शोधायची खूण कर आणि `Poona` टाक. चंदावरकरांचा निबंध, प्रशांत किदंबी यांचं मुंबईतल्या प्लेगवरचं लेखन, अशा नंतरच्या कामापर्यंत पोचायची हीच वाट. एक लेख मागे, एक लेख पुढे, असं दोन वेळा केलंस की तीच ती नावं परत परत यायला लागतात. तेव्हा थांबायचं. या विषयाची मुख्य मंडळी तुला भेटली.

मराठीतलं संशोधन हवं असेल तर शोधगंगा बघ, `shodhganga.inflibnet.ac.in`. आपल्याकडच्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट आहेत. प्रत्येक प्रकरण वेगळ्या पीडीएफमध्ये असतं. सगळे उघडत बसू नकोस, आधी संदर्भसूचीची फाइल उघड. पुण्यातल्या दप्तरखान्यातल्या कुठल्या फायली बघितल्या, कुठल्या मराठी वर्तमानपत्रांचे कुठले अंक चाळले, हे त्यात असतं. प्रबंध परीक्षकांच्या नजरेखालून गेलेला असतो, पण दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझा नियम असा की, प्रबंधाची सूची विश्वासाने घ्यायची आणि प्रबंधातलं विधान तपासून घ्यायचं.

आता तुझा दुसरा प्रश्न. काय विश्वासार्ह, हे कागदाच्या चकचकीतपणावरून ठरत नाही आणि मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय’ छापलंय म्हणून तर नाहीच. काही वर्षांपूर्वी एका मुलाने मला एक शोधनिबंध आणून दाखवला. ‘आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड’ असं सगळं वर लिहिलेलं. आत रँडला ‘पुण्याचे कलेक्टर’ म्हटलं होतं. रँड कलेक्टर नव्हता, प्लेग समितीचा अध्यक्ष होता. या विषयावर चार पानं वाचलेल्यालाही हे ठाऊक असतं. ज्यांनी तो निबंध तपासला म्हणायचं, त्यांनी तो वाचला नव्हता, एवढाच याचा अर्थ. त्या विधानाला तळटीप होती, ती आम्ही शोधली. ती दुसऱ्या तसल्याच निबंधाकडे गेली आणि तिथे तेच वाक्य तळटिपेशिवाय उभं होतं. विहिरीवर गेलो तर विहीरच नाही.

माझी मुख्य कसोटी हीच आहे. तुझ्या निबंधात ज्यावर भिस्त आहे असं एक विधान घे, समज ‘सोल्जरांनी देवघरात शिरून झडत्या घेतल्या’. लेखात त्याला टीप आहे का? टीप कुठे जाते? १८९७ च्या एखाद्या अंकाशी, अहवालाशी, अर्जाशी जाऊन थांबत असेल, तर पाया आहे. वर्तुळात फिरत असेल, तर सोडून दे. प्रत्येक विधानाचं हे करायला वेळ नाही, पण प्रत्येक संदर्भातल्या दोन विधानांचं तरी करच. लेख खरोखर वाचलास की नाही, हेही त्यातच कळतं.

नियतकालिकाबद्दल शंका आली तर दोन-तीन गोष्टी बघाव्यात. एकाच अंकात इतिहास, रसायनशास्त्र आणि शेअर बाजार असं सगळं आहे का? पैसे भरा, आठवड्यात छापतो, अशी जाहिरात आहे का? संपादक मंडळातली माणसं आपापल्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का? ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ या शिक्क्यावर विसंबू नकोस. २०१८ मध्ये यूजीसीने स्वतःच्याच यादीतून चार हजारांहून जास्त नियतकालिकं काढून टाकली होती, पण शिक्का मिरवणारी मुखपृष्ठं अजून फिरतात. चांगल्या नियतकालिकांच्या नावाचे तोतयेही असतात. नाव तेच, संकेतस्थळ भलतंच. लेख जेस्टोरवरून किंवा प्रकाशकाच्या स्वतःच्या पानावरून उघडला असशील तर ही भीती उरत नाही.

सरकारी अहवालांचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण तिथेच पहिला निबंध अडखळतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारतातल्या वैद्यकीय कागदपत्रांचा मोठा संग्रह `digital.nls.uk/indiapapers` इथे खुला ठेवलाय. पुण्याच्या गोखले संस्थेचा जुन्या पुस्तकांचा साठा `dspace.gipe.ac.in` वर आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची ‘ग्रंथ संजीवनी’ आहे. गॅटेकर यांचा मुंबईच्या प्लेगवरचा १८९७ चा अहवाल किंवा कौचमन यांनी लिहिलेला इलाख्यातल्या प्लेग-व्यवस्थेचा वृत्तांत अशा खुल्या साठ्यांतून मिळू शकतो. मिळाला की मुलं दोनपैकी एक करतात. एक तर ‘सरकारी आहे म्हणजे खरं’ म्हणून जसंच्या तसं उतरवतात, नाही तर ‘ब्रिटिशांचं आहे म्हणजे खोटं’ म्हणून फेकून देतात. अहवाल कशाबद्दल विश्वासार्ह आहे, असं विचार. काय हुकूम निघाला, किती माणसं कामाला लावली, छावण्या कुठे होत्या, हे त्याला ठाऊक असतं. बायकांना दारात उभं करून तपासलं तेव्हा त्यांना काय वाटलं, हे त्याला ठाऊक नसतं. ‘लोकांनी सहकार्य केलं’ असं अहवालाने म्हटलं तर ते लोकांबद्दलचं साधन नाही, अहवाल लिहिणाऱ्याला वरिष्ठांना काय दाखवायचं होतं त्याचं आहे. ‘केसरी’लाही हीच फूटपट्टी लाव. तो कुणासाठी लिहीत होता, आणि पेठांबाहेरच्या कुणाबद्दल गप्प होता?

आणि दोन चांगले संदर्भ एकमेकांशी जुळले नाहीत तर घाबरू नकोस. अरनॉल्ड यांचा भर सरकारने लोकांच्या शरीरालाच हात घातला यावर आहे. चंदावरकर विरोधाला एकसंध सांस्कृतिक प्रतिक्रिया मानायला तयार नाहीत, वेगवेगळ्या थरांतले लोक वेगवेगळे वागले याकडे ते बघतात. दोघंही विश्वासार्ह आहेत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या दोघांच्या मधल्या जागेत आहे, त्यामुळे आठ संदर्भांत हे दोघं असू देत. मग क्लाइन, कॅटनॅक, एक मराठी प्रबंध किंवा पुस्तक, एक सरकारी अहवाल, त्या काळातल्या वृत्तपत्राचा एखादा मजकूर आणि एक वैद्यकीय नियतकालिकातला लेख. झाले आठ, आणि आठही वेगवेगळ्या कामाचे.

पैशाचं आणि लॉगिनचं पटकन सांगते. जेस्टोरवर स्वतःचं फुकट खातं काढलं तर महिन्याला शंभर लेख स्क्रीनवर वाचता येतात. पीडीएफ उतरवता येत नाही, पण वाचायला पुरतं. तुमचं कॉलेज ‘एन-लिस्ट’ या कॉलेजांना ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं सभासद असेल तर तुझ्या नावाचं लॉगिन ग्रंथपालच करून देतात. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण मुलं मागतच नाहीत. सरकारी संस्थांसाठी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, त्यात तुमचं कॉलेज आहे का तेही त्यांनाच विचार. एखादा लेख कुठेच उघडत नसेल तर गूगल स्कॉलरमध्ये त्याखालचं ‘All versions’ दाबून बघ, कित्येकदा लेखकाने तो स्वतः कुठेतरी ठेवलेला असतो. पुस्तक तुमच्याकडे नसेल तर कुठल्या विद्यापीठात आहे ते `indcat.inflibnet.ac.in` वर कळतं. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जायचं ठरवलंस तर आधी फोन कर, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र ने, आणि वर्गांक घरूनच लिहून ने. तालिकेत ‘उपलब्ध’ दिसणारं पुस्तक बाइंडिंगला गेलेलं असू शकतं, किंवा कुणीतरी भलत्याच फळीवर खोचलेलं. सापडलं नाही तर दोन फळ्या वर, दोन खाली बघ. तरी नाहीच, तर देवघेवीच्या टेबलावर दाखलांक, म्हणजे त्या प्रतीचा नोंदणी क्रमांक, सांग, तिथल्या मावशींना कुठलं पुस्तक कुठे दडतं ते पाठ असतं.

वहीचं एक पान नोंदींसाठी ठेव, आणि वाचतानाच लिही, नंतर नाही. लेखक, शीर्षक, नियतकालिक किंवा ग्रंथ, संपादक, वर्ष आणि पान. पान म्हणजे छापील पान. पीडीएफच्या कोपऱ्यात ‘७’ दिसतं तेव्हा छापील पान ७२९ असू शकतं, आणि सर ७ वं पान शोधायला गेले तर त्यांना काहीच सापडणार नाही. दुसऱ्याच्या लेखात दिलेला ‘केसरी’चा उतारा घेतलास आणि मूळ अंक पाहिला नाहीस, तर ‘अमुक लेखात उद्धृत’ असंच लिही. त्या उताऱ्याच्या पुढचं वाक्य त्या लेखकाने का गाळलं असेल, हे तुला ठाऊक नाही. आणि इंग्रजी भाषांतरातून घेतलेला ‘केसरी’ परत मराठीत आणून अवतरणचिन्हांत घालू नकोस. ते तुझं मराठी होईल, १८९७ चं नव्हे.